'कृष्णाने' लिहिले की मूळ नाव कोणते? दस्तऐवजातील नावांना प्रत्यय जोडताना पुन:पुन्हा येणारी अडचण

मराठीत तयार केलेले खरेदीखत, मुखत्यारपत्र किंवा मामलतदारांकडे द्यायचा अर्ज परत येतो आणि त्यावर शेरा असतो : 'नावात तफावत'. अर्जदार मसुदा पुन्हा वाचतो, पण टंकलेखनाची चूक म्हणावी असे त्यात काही सापडत नाही. पहिल्या परिच्छेदात 'कृष्णा विठ्ठल नाईक' असे पूर्ण नाव आहे, पुढे 'कृष्णाने' असे आहे, त्यानंतर 'नाइकांनी' आहे आणि शेवटी साक्षीदारांच्या वर 'कृष्ण विठ्ठल नाईक यांचे कडून' असे आहे. चारही ठिकाणी माणूस एकच आहे, असे लिहिणाऱ्याला वाटते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र 'कृष्णा' आणि 'कृष्ण' ही दोन नावे दिसतात, आणि त्याचे काय चुकले असे म्हणता येत नाही. (या लेखातील व्यक्तींची नावे केवळ नमुन्यादाखल घेतली आहेत.)

गोव्यात मराठी मसुदे तपासताना ही अडचण इतक्या वेळा समोर येते, की तिचे कारण एकदा नीट उलगडून ठेवावे असे वाटले. कारण हलगर्जीपणात नाही, मराठीच्या सामान्यरूपात आहे, आणि म्हणूनच 'नाव नीट तपासा' एवढ्या सूचनेने ती सुटत नाही.

नाव कोठे हरवते

मराठीत विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामात बदल होतो, आणि त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. 'घर' या शब्दाचे 'घरा' होते आणि मग 'घराला', 'घरावर', 'घरासमोर' अशी रूपे तयार होतात. सामान्य नामांच्या बाबतीत यातून गैरसमज होत नाही, कारण 'घरा' हे रूप कोणत्या शब्दाचे आहे हे वाचकाला ठाऊकच असते. विशेषनामाचे तसे नाही. त्याचे मूळ रूप कोणते, हे वाचकाला फक्त कागदावरूनच कळणार असते.

'कृष्ण' हे नाव अकारान्त आहे. त्याचे सामान्यरूप 'कृष्णा' होते आणि तृतीयेचे रूप 'कृष्णाने' होते. 'कृष्णा' हे नाव आधीच आकारान्त आहे, पण माणसाच्या नावात आपण 'घोडा, घोड्याने' असा बदल करीत नाही. म्हणून त्याचेही रूप 'कृष्णाने' असेच होते. दोन वेगळी नावे एका रूपात येऊन मिळतात. 'राम' आणि 'रामा', 'गोविंद' आणि 'गोविंदा' यांचेही असेच आहे. 'कृष्णाने' या रूपावरून मागे जाऊन मूळ नाव ठरवणे व्याकरणाने शक्यच नाही. वर सांगितलेल्या मसुद्यात हेच घडले : शेवटचा परिच्छेद लिहिणाऱ्याने 'कृष्णाने' हे रूप वाचले, प्रत्यय काढून टाकला आणि आपल्या समजुतीप्रमाणे 'कृष्ण' असे नाव तयार केले.

ही गोष्ट रोमी लिपीतील कागदांमुळे अधिक बिकट होते. गोव्यातील जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत, अलीकडचे बहुतांशी इंग्रजीत आहेत, आणि ओळखपत्रावरचे इंग्रजी नाव 'कृष्ण' आणि 'कृष्णा' यांतील फरक दाखवीत नाही. म्हणजे मूळ नाव देवनागरीत नेमके कसे आहे, हे सांगणारा कागद पुष्कळदा तुमच्या हातातला मराठी मसुदा हाच असतो. त्यातही ते एकाच रूपात स्थिर राहिले नाही, तर पुढे त्यावरून काम करणाऱ्याला आधारच उरत नाही.

आडनावांची गोष्ट थोडी निराळी आहे. 'कामतांनी', 'सावंतांनी', 'देसाईंनी' या रूपांवरून मूळ आडनाव सहज कळते. पण 'राणे' या आडनावाचे 'राण्यांनी' होते, आणि त्यावरून मूळ शब्द 'राणे', 'राणा' की 'राणी' हे केवळ रूप पाहून सांगता येत नाही. 'नाईक' या आडनावाचे रूप शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे 'नाइकांनी' होते, कारण मराठी शब्दातील उपान्त्य दीर्घ ईकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. रूप शुद्ध असते, पण एकाच कागदावर 'नाईक' आणि 'नाइक' अशी दोन अक्षररूपे दिसतात, आणि अक्षर अन् अक्षर जुळवून पाहणाऱ्या माणसाला ती खटकतात. 'जुझे' किंवा 'मारिया' यांसारख्या नावांना कोणता साचा लावावा, याविषयी तर लिहिणाऱ्यांमध्येच एकमत नसते. कोणी 'मारियाने' लिहितो, कोणी 'मारियेने'.

गावांच्या नावांत कोकणीची भर

गावांच्या नावांत अडचण आहे तीच, पण गोव्यात तिला आणखी एक कारण आहे. १९८७ सालच्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि शासकीय कारणांसाठी मराठीच्या वापरालाही वाव राहिला. लिहिणारा मराठीत लिहितो, पण गावाचे नाव त्याच्या कानात कोकणी असते. मराठीत 'म्हापसा', 'फोंडा', 'शिरोडा' म्हणतात. कोकणीत 'म्हापशें', 'फोंडें', 'शिरोडें'. प्रत्यय लागला की दोन्ही नावे पुन्हा एका रूपात येतात : 'म्हापशात', 'फोंड्यात', 'शिरोड्यात'. रोजच्या बोलण्यात या रूपांनी काहीच बिघडत नाही, आणि बातमीत किंवा पत्रातही ती अगदी योग्य आहेत. दस्तऐवजात मात्र 'शिरोड्यातील जमीन' एवढेच लिहिले, तर मूळ नाव 'शिरोडा' की 'शिरोडे' हा प्रश्न उरतो. शिवाय फोंडा तालुक्यात जसे शिरोडा आहे, तसेच सीमेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यातही आहे, त्यामुळे तालुका लिहिल्याशिवाय गाव पुरते ओळखता येत नाही.

यातूनच एक खास चूक जन्माला येते आणि ती मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे : 'म्हापशा येथील', 'शिरोड्या येथे', 'पेडण्या येथील'. लिहिणाऱ्याला वाटते की पुढे 'येथे' आहे, म्हणजे आधीच्या नावाचे सामान्यरूप करायलाच हवे. पण 'येथे' हा स्वतंत्र शब्द आहे, नावाला चिकटणारा नाही, आणि तो नावाचे मूळ रूप जसेच्या तसे मागतो. 'म्हापसा येथील', 'शिरोडा येथे', 'पेडणे येथील' हेच बरोबर.

उपाय : प्रत्यय नावाला नव्हे, सर्वनामाला

मराठीत या अडचणीची तोड तयारच आहे आणि जुन्या कागदपत्रांपासून ती चालत आलेली आहे. नाव मूळ रूपात लिहायचे, त्यापुढे 'हे', 'ही' किंवा 'हा' या सर्वनामाचे योग्य रूप ठेवायचे आणि प्रत्यय त्या सर्वनामाला लावायचा. 'कृष्णा विठ्ठल नाईक यांनी', 'कृष्णा विठ्ठल नाईक यांना', 'कृष्णा विठ्ठल नाईक यांच्याकडून'. नावाच्या अक्षरांना हातही लागत नाही, आणि वाक्याला हवी ती विभक्ती मिळते. अल्पवयीन मुलासाठी 'याने', मुलीसाठी 'हिने' अशी रूपे योजावीत. 'यांनी' लिहायचे की 'ह्यांनी', हा प्रश्न गौण आहे, कारण दोन्ही चालतात. मात्र एका कागदात दोन्ही नकोत.

गावासाठी हेच काम 'येथे', 'येथील', 'येथून' करतात. नावापुढे 'या गावात', 'या गावातील' असे लिहिले तरी चालते, आणि जिथे गावाचे नाव आडनावासारखे भासण्याचा संभव असतो तिथे मला हे दुसरे रूप अधिक बरे वाटते.

आकड्यांनाही हीच युक्ती लागू पडते. 'सर्व्हे क्र. ४५/३ला' किंवा '५०० चौ. मी.चे' असे लिहिण्यापेक्षा 'सर्व्हे क्र. ४५/३ या मिळकतीला', '५०० चौरस मीटर क्षेत्राचे' असे लिहावे. आकडा, तिरपी रेघ, कंस किंवा संक्षेपाचा टिंब यांना प्रत्यय जोडला की तो तुटतो किंवा आकड्याचाच भाग असल्यासारखा दिसतो. कलमांच्या संदर्भात 'कलम ५ अन्वये' हे सुटे लेखन कायद्याच्या मराठीत रूढ आहे, आणि ते बदलण्याचा आग्रह धरू नये.

प्रतिज्ञापत्रात हा प्रश्न तुलनेने कमी येतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 'मी, कृष्णा विठ्ठल नाईक, असे जाहीर करतो' आणि 'मी हा अर्ज केला' या दोन्ही वाक्यांत 'मी' हे रूप बदलत नाही, त्यामुळे नावाला प्रत्यय लावण्याची वेळच येत नाही. अडचण सुरू होते ती तिसऱ्या पुरुषी लिहिलेल्या खतांत, जिथे प्रत्येक वाक्यात कोणी तरी 'दिले', 'घेतले', 'लिहून दिले' असे येते.

दुसरी गाठ : 'यांचे कडून'

सर्वनामाचा उपाय केला तरी काम संपत नाही, कारण आता प्रत्यय सर्वनामाला नीट लागला पाहिजे, आणि कार्यालयीन मराठीत नेमके तिथेच बिघडते. 'यांचे कडून', 'त्यांचे मार्फत', 'आपले समोर', 'माझे विरुद्ध' हे शब्दप्रयोग इतके अंगवळणी पडले आहेत, की ते चुकीचे आहेत असे सांगितले तर लिहिणाऱ्याला आश्चर्य वाटते.

त्यांचा उगम जुन्या लेखनात आहे. पूर्वीच्या पत्रव्यवहारात 'त्यांचे हातून', 'आपले घरी' अशी रूपे सर्रास असत, आणि मोडीत शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नसल्याने 'यांचे' आणि 'कडून' हे जोडून की तोडून, हा प्रश्नच निर्माण होत नव्हता. ती लेखनपद्धती छापील देवनागरीत आली तेव्हा 'चे' तसेच राहिले आणि मध्ये मोकळी जागा पडली. म्हणून ही रूपे कोणाच्या अज्ञानाचा पुरावा मानू नयेत. पण आजच्या प्रमाण मराठीत षष्ठीच्या पुढे प्रत्यय किंवा अव्यय आले की 'च्या' हे सामान्यरूप हवे आणि अव्यय त्याला जोडून हवे : 'यांच्याकडून', 'त्यांच्यामार्फत', 'आपल्यासमोर', 'माझ्याविरुद्ध'.

मग कोणता शब्द जोडायचा आणि कोणता सुटा ठेवायचा? 'यांच्याकडून' जोडून, पण 'यांच्या ताब्यात' तोडून, हे कसे ओळखावे? मी एक साधी परीक्षा वापरतो. त्या शब्दाच्या मूळ रूपाआधी 'माझा', 'माझी' किंवा 'माझे' लावून पाहावे. 'माझा ताबा', 'माझी संमती', 'माझे नाव', 'माझी उपस्थिती' हे अर्थपूर्ण आहे, म्हणजे ही नामे आहेत, त्यांना स्वतःचे प्रत्यय लागलेले आहेत आणि ती सुटी राहतील : 'यांच्या ताब्यात', 'यांच्या संमतीने', 'यांच्या नावे', 'यांच्या उपस्थितीत'. 'माझे कडून', 'माझे समक्ष' यांना स्वतंत्र नाम म्हणून काही अर्थ नाही, म्हणून ही शब्दयोगी अव्यये आहेत आणि ती जोडली जातील : 'यांच्याकडून', 'यांच्यासमक्ष'. याच परीक्षेने 'याबाबत' जोडून आणि 'या बाबतीत' तोडून का, हेही कळते, कारण 'बाबतीत' हे 'बाबत' या नामाला प्रत्यय लागून झालेले रूप आहे. एक शब्द मात्र या परीक्षेत बसत नाही आणि तो पाठच ठेवावा लागतो : 'वतीने'. तो सुटा लिहितात : 'अर्जदाराच्या वतीने'.

'चे' आणि 'च्या' यांतला फरक केवळ शोभेचा नाही. 'त्यांचे नावे नोंद आहे' या वाक्यात 'नावे' म्हणजे 'नावावर' की 'नावे' हे अनेकवचन, याचा निर्णय वाचणाऱ्यावर पडतो. 'त्यांच्या नावे नोंद आहे' म्हटले की दुसरा अर्थ संपतो.

सुटा 'वर' आणि त्याने बदललेला अर्थ

तोडून लिहिण्याच्या चुकीने अर्थच बदलतो, असे एक उदाहरण खतांमध्ये नेहमी सापडते. 'सदर जमिनी वर नमूद केलेला बोजा' हे शब्द घ्या. सुटा 'वर' हे क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ 'याआधी, वरच्या मजकुरात'. जोडलेला 'वर' म्हणजे 'जमिनीवर', 'त्या जमिनीच्या संबंधात'. 'जमिनीवर नमूद केलेला बोजा' म्हणजे त्या जमिनीच्या नोंदीत दाखवलेला बोजा. 'वर नमूद केलेला बोजा' म्हणजे याच खताच्या आधीच्या परिच्छेदात सांगितलेला. या दोन्हींची रक्कम एकच असेल असे नाही, आणि वाद झालाच तर एका मोकळ्या जागेवरून दोन वकील दोन अर्थ लावू शकतात. 'खाली' या शब्दाचेही असेच होते : 'परिशिष्टाखाली सही' आणि 'खाली सही' या दोन जागा वेगळ्या आहेत. म्हणून जिथे 'वरचा मजकूर' हा अर्थ हवा असेल, तिथे 'परिच्छेद २ यात नमूद केलेला' असे परिच्छेदाच्या क्रमांकासह लिहिणे केव्हाही चांगले.

एक परिच्छेद, दुरुस्तीसह

आता हे सगळे एकाच परिच्छेदात कसे दिसते ते पाहू. मसुदा असा होता :

'लिहून देणार कृष्णाने व त्यांची पत्नी लक्ष्मी नाईक, राहणार मांद्रे, आपले ताबे वहिवाटीतील शिरोड्या येथील जमीन खरेदीदारांना विकली असून, सदर जमीनी वर नमूद केलेला बोजा विक्रेत्यांचे कडून फेडला जाईल.'

पहिल्या वाचनात यात 'जमीनी वर' आणि 'विक्रेत्यांचे कडून' एवढेच डोळ्यांत भरते, पण सर्वांत गंभीर दोष सुरुवातीलाच आहे. प्रत्यय फक्त 'कृष्णा' या नावाला लागला आहे. 'लक्ष्मी नाईक' या नावाला कोणतीच विभक्ती नाही. व्याकरणाने जमीन विकली ती एकट्या कृष्णाने. पत्नीचे नाव वाक्यात आहे, पण विकण्याच्या क्रियेशी त्याचा संबंध जुळत नाही. अन्यत्र कदाचित याकडे दुर्लक्ष होईल. गोव्यात होऊ नये, कारण १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे विवाहितांची स्थावर मालमत्ता सामान्यतः पती-पत्नी दोघांच्या सहभागाशिवाय विकता येत नाही, आणि म्हणून इथल्या खतांत जोडीदाराचे नाव जवळजवळ नेहमीच येते. ते नाव कर्त्यामध्ये सामील आहे, हे वाक्याने स्पष्ट सांगायला हवे. शिवाय 'कृष्णाने' हे एकवचन आणि लगेच पुढे 'त्यांची' हे आदरार्थी रूप, हा विसंवादही आहेच.

येथे सर्वनामाचा दुसरा उपयोग दिसतो. दोन-तीन नावे ओळीने मूळ रूपात लिहून शेवटी एकदाच 'यांनी' लिहिले, तर तो प्रत्यय सर्वांना लागू होतो. मधे वय, धंदा, पत्ता आला तरी हरकत नाही. पत्त्यानंतर स्वल्पविराम देऊन 'यांनी' लिहावे, म्हणजे ते सर्वनाम गावाकडे न जाता माणसांकडे परत जाते. अट इतकीच, की मधल्या कोणत्याही नावाला वेगळा प्रत्यय लावू नये. एकाला लावला की साखळी तुटते आणि बाकीची नावे लटकतात.

परिच्छेदाच्या शेवटी 'विक्रेत्यांचे कडून' आहे. त्यातील 'चे' आणि मोकळी जागा दुरुस्त करून 'विक्रेत्यांकडून' केले, तरी एक संदिग्धता राहते. मराठीत आदरार्थी एकवचन आणि खरे अनेकवचन यांचे रूप एकच असल्याने 'विक्रेत्यांकडून' म्हणजे एका विक्रेत्याकडून आदराने, की दोन्ही विक्रेत्यांकडून, हे ठरत नाही. बोजा कोणी फेडायचा हा पैशाचा प्रश्न आहे, म्हणून तो आदरार्थी रूपावर सोडू नये. पक्षांना क्रमांक द्यावेत आणि क्रमांकासह सर्वनाम वापरावे. त्याच कारणाने एका परिच्छेदात 'लिहून देणार' आणि 'विक्रेते' अशी दोन नावे एकाच पक्षाला देऊ नयेत.

दुरुस्त परिच्छेद असा :

'लिहून देणार क्र. १ श्री. कृष्णा विठ्ठल नाईक आणि लिहून देणार क्र. २ त्यांची पत्नी सौ. लक्ष्मी कृष्णा नाईक, दोघेही राहणार मांद्रे, तालुका पेडणे, यांनी आपल्या ताब्यात व वहिवाटीत असलेली शिरोडा, तालुका फोंडा, येथील जमीन लिहून घेणार यांना विकली असून, सदर जमिनीवर नोंद असलेला बोजा लिहून देणार क्र. १ व क्र. २ यांच्याकडून फेडला जाईल.'

'जमीनी' याचे 'जमिनी' झाले ते 'नाईक' आणि 'नाइकांनी' यांच्याच नियमाने. खतांत येणारे असे आणखी काही शब्द लक्षात ठेवावेत : 'वकील' पण 'वकिलांमार्फत', 'विहीर' पण 'विहिरीचे', 'कूळ' पण 'कुळाने'. 'हिस्सा' या शब्दाचे 'हिश्शाचा' होते. ही सामान्य नामे असल्याने त्यांचे सामान्यरूप करायलाच हवे. मूळ रूप जपण्याची काळजी फक्त विशेषनामांपुरती आहे. दोन्हींत गल्लत झाली की 'अर्जदार यांचे वकील यांचे मार्फत' यासारखी ओझ्याने वाकलेली वाक्ये तयार होतात, जिथे 'अर्जदाराच्या वकिलांमार्फत' पुरेसे असते. वकिलाचे नाव द्यायचे असेल तरच सर्वनाम आणावे.

मोठ्या मसुद्यात हे शोधायचे कसे

वीस पानांचे खत डोळ्यांनी वाचून या चुका सगळ्या सापडत नाहीत, कारण डोळा ओळखीचे रूप पुढे ढकलतो. LibreOffice Writer मध्ये Find and Replace उघडून Regular expressions हा पर्याय निवडला, तर 'यांचे कडून' आणि 'यांचेकडून' हे दोन्ही प्रकार एकाच शोधात मिळतात :

```
(चे|झे|ले) ?(कडून|कडे|मार्फत|विरुद्ध|समोर|समक्ष|तर्फे|साठी|बाबत)
```

तोडून लिहिलेल्या अव्ययांसाठी दुसरा शोध घ्यावा :

```
\s(वर|मध्ये|खाली|साठी|मुळे|पासून|पर्यंत)\s
```

या दुसऱ्या शोधात 'वर नमूद केल्याप्रमाणे' यासारखी योग्य वाक्येही सापडतील, आणि आकड्यांपुढे सुटे लिहिलेले 'पासून', 'पर्यंत' हेही येतील. म्हणून 'सगळे बदला' हे बटण येथे अजिबात वापरू नये. प्रत्येक ठिकाण वाचून ठरवावे. शिवाय केवळ मोकळी जागा काढून भागत नाही. 'यांचे कडून' यातली जागा गेली की 'यांचेकडून' उरते, आणि 'चे' तसेच राहते.

नावांसाठी मात्र शोधाची दिशा उलट ठेवावी. पूर्ण नाव नव्हे, तर नावाचा न बदलणारा आरंभ शोधावा : 'कृष्ण', 'शिरोड', 'म्हाप'. 'कृष्ण' शोधले की 'कृष्णा', 'कृष्णाने' आणि चुकून शिरलेले 'कृष्ण' ही सगळी रूपे समोर येतात, आणि प्रत्येक ठिकाणी नाव ओळखपत्राशी व जमिनीच्या नोंदीशी जुळते का, हे पाहता येते. 'नाईक' आणि 'नाइक' यांसाठी 'ना' शोधल्यास फार शब्द येतात. तिथे दोन्ही रूपे वेगवेगळी शोधणे सोपे. नावाचे देवनागरी रूप कोणते धरायचे, हे मात्र व्याकरण सांगू शकत नाही. ते त्या व्यक्तीला विचारावे, तिची मराठी सही असेल तर ती पाहावी, आणि रोमी लिपीतील नाव ओळखपत्रावर जसे आहे तसे पहिल्या उल्लेखात देवनागरीशेजारी एकदा नोंदवून ठेवावे.

खत आधीच नोंदले गेले असेल तर

नोंदणी होण्यापूर्वी ही दुरुस्ती मसुद्यातच होते. नोंदणीनंतर मूळ खतावर हाताने अक्षर बदलू नये. वकिलाच्या सल्ल्याने चूकदुरुस्ती पत्र करून ते नोंदवावे लागते. आणि त्या पत्रातच हीच अडचण शेवटची एकदा दबा धरून असते. 'कृष्णाऐवजी कृष्णा वाचावे' असे त्यात लिहिले, तर 'ऐवजी' या अव्ययाने 'कृष्ण' या नावाचे सामान्यरूप केले, आणि चूक व दुरुस्ती कागदावर एकसारखी दिसू लागली. असे पत्र काहीच दुरुस्त करीत नाही. दोन्ही नावे अवतरणचिन्हांत, मूळ रूपात आणि 'नाव' या शब्दाच्या आधाराने लिहावीत : परिच्छेद ७, ओळ ३ यात 'कृष्ण विठ्ठल नाईक' या नावाऐवजी 'कृष्णा विठ्ठल नाईक' हे नाव वाचावे.